डिटरमिनंट 1 येतोय तरी आकार बिघडतोय, किंवा लांब्या बरोबर आहेत पण सगळं आरशातलं दिसतंय: ऑर्थोगोनल मॅट्रिक्स कशी तपासायची

हा प्रॉब्लेम दोन रूपांत येतो आणि लोक दोन्हीसाठी एकच इलाज करायला जातात, म्हणून तो परत परत येत राहतो. पहिलं रूप असं की रोटेशनची मॅट्रिक्स आहे, ती पॉइंट्सना लावतोय, पुन्हा पुन्हा लावतोय, आणि हळूहळू वस्तू ताणली जाते, काटकोन काटकोन राहत नाहीत, पण डिटरमिनंट बघितला तर 1 किंवा 1 च्या जवळ. दुसरं रूप याच्या उलट: सगळ्या लांब्या बरोबर, सगळे कोन बरोबर, तरी मॉडेल उलटं दिसतंय, डावा हात उजवा झालाय, पृष्ठभागाचे नॉर्मल आत वळलेत. दोन्हीच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, की ऑर्थोगोनल मॅट्रिक्सचा डिटरमिनंट ±1 असतो म्हणजे डिटरमिनंट ±1 आला की मॅट्रिक्स ऑर्थोगोनल झाली. तसं नाहीये. पहिली गोष्ट खरी आहे, दुसरी खोटी आहे.

आधी एवढं करा, बाकीचं नंतर वाचा:

```python
import numpy as np
err = np.abs(Q.T @ Q - np.eye(3)).max()
d = np.linalg.det(Q)
print(err, d)
```

पहिला आकडा `err` आधी बघायचा, डिटरमिनंट नंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे कारण `err` मोठा असेल तर `d` काय आलाय याला काही अर्थच उरत नाही. नुसता `d` छापून "1 आला, ठीक आहे" म्हणून पुढे गेलात की फसलात.

आता असं का ते बघू. ऑर्थोगोनल म्हणजे `QᵀQ = I`, बस एवढीच व्याख्या. याचा सरळ अर्थ असा की Q चे कॉलम एकमेकांना लंब आहेत आणि प्रत्येकाची लांबी 1 आहे, कारण `QᵀQ` मधली प्रत्येक एंट्री म्हणजे दोन कॉलमचा डॉट प्रॉडक्टच असते. आता कुठलाही व्हेक्टर x घ्या आणि `Qx` च्या लांबीचा वर्ग काढा: `(Qx)ᵀ(Qx) = xᵀQᵀQx = xᵀx`. मधला `QᵀQ` गेला, लांबी जशीच्या तशी राहिली. दोन व्हेक्टर घेतले तरी तेच होतं, `(Qx)ᵀ(Qy) = xᵀy`, म्हणजे डॉट प्रॉडक्ट टिकतो, आणि कोन हा डॉट प्रॉडक्ट आणि लांब्या यांच्यावरूनच निघतो त्यामुळे कोनही टिकतो. खरं तर इथे एक छान गोष्ट आहे जी बहुतेक ठिकाणी घाईत सांगितली जाते: फक्त लांब्या टिकतात एवढं कळलं तरी कोन आपोआप टिकतात, कारण `x·y = (|x+y|² − |x−y|²)/4`, उजवीकडे नुसत्या लांब्याच आहेत. उलट मात्र चालत नाही. `2Q` ही मॅट्रिक्स सगळे कोन सांभाळते पण सगळ्या लांब्या दुप्पट करते, आणि 3×3 मध्ये तिचा डिटरमिनंट 8 किंवा −8 येतो. तुमच्याकडे `QᵀQ` काढल्यावर 4, 4, 4 कर्णावर आणि बाकी शून्य असं आलं तर समजा कुठेतरी स्केल मिसळलाय, बाकी मॅट्रिक्स चांगली आहे.

डिटरमिनंटचं ±1 कुठून येतं तर तेही याच समीकरणातून. `QᵀQ = I` च्या दोन्ही बाजूंचा डिटरमिनंट घ्या. गुणाकाराचा डिटरमिनंट म्हणजे डिटरमिनंटचा गुणाकार, आणि ट्रान्सपोज केल्याने डिटरमिनंट बदलत नाही, म्हणून `det(Q)² = 1`, आणि एंट्री रिअल असतील तर उत्तर +1 किंवा −1, तिसरा पर्याय नाही. चित्रात बघायचं तर डिटरमिनंट म्हणजे युनिट क्यूबचं घनफळ किती पटीने बदललं तो आकडा, चिन्हासकट. कॉलम एकमेकांना लंब आणि लांबी 1 असेल तर युनिट क्यूबचा युनिट क्यूबच होणार, घनफळ 1 च राहणार, आणि चिन्ह एवढंच सांगतं की तो क्यूब नुसता फिरलाय की आरशात गेलाय.

इथेच कळतं की उलट दिशेने का चालत नाही. डिटरमिनंट हा एकच आकडा आहे, फक्त घनफळाचा. एका बाजूने ताणून दुसऱ्या बाजूने तेवढंच दाबलं तर घनफळ तेच राहतं. सगळ्यात वाईट उदाहरण शिअरचं आहे, कारण ते दिसायला अगदी निरुपद्रवी असतं:

```
1   0.1
0   1
```

डिटरमिनंट तंतोतंत 1, राउंडिंगचा प्रश्नच नाही. पण दुसरा कॉलम (0.1, 1) आहे, त्याची लांबी 1 नाही, आणि पहिल्या कॉलमशी त्याचा कोन 90 नाही तर साधारण 84.3 अंश. `QᵀQ` काढलात तर बाहेरच्या एंट्रीत 0.1 उघडा पडतो. 0.1 च्या जागी 5 टाका, डिटरमिनंट तरीही 1 च. म्हणून म्हणतो, डिटरमिनंट शिअरच्या बाबतीत आंधळा आहे.

आता एक पूर्ण केस आकड्यांसकट घेऊ, कारण प्रत्यक्षात घोटाळा कसा वाढत जातो ते तिथे दिसतं. ही मॅट्रिक्स घ्या:

```
        2  -1   2
1/3 ×   2   2  -1
       -1   2   2
```

कॉलम (2,2,−1), (−1,2,2), (2,−1,2), प्रत्येकाच्या वर्गांची बेरीज 9, 3 ने भागल्यावर लांबी 1. पहिल्या दोघांचा डॉट प्रॉडक्ट −2+4−2 = 0, बाकीच्या जोड्याही शून्य, हाताने करून बघा. डिटरमिनंट 27/27 म्हणजे 1. ही रोटेशन आहे: (1,1,1) ला लावली तर (1,1,1) च परत येतो म्हणून तो अक्ष, आणि ट्रेस 2 आहे म्हणून `cos θ = (2−1)/2`, म्हणजे 60 अंश. सहा वेळा लावली की सगळं मूळ जागी यायला पाहिजे.

समजा कुणीतरी ही मॅट्रिक्स एखाद्या फाइलमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून ठेवली, 0.67 आणि −0.33 अशी. असं सर्रास होतं, प्रिंट केलेलं आउटपुट कॉपी करून दुसऱ्या प्रोग्राममध्ये चिकटवलं जातं. आता `QᵀQ` मध्ये कर्णावर 1.0067 आणि बाहेर 0.0067 येतं, डिटरमिनंट येतो 1.01. बघणारा म्हणतो 1 च्या जवळच आहे की, चालतंय. एकदाच लावायची असेल तर खरंच चालतं. पण लूपमध्ये दर फ्रेमला लावली तर काय होतं बघा: या राउंड केलेल्या मॅट्रिक्समध्ये (1,1,1) या अक्षाच्या दिशेला प्रत्येक वेळी 1.01 पट ताण बसतो आणि त्याला लंब असलेल्या प्रतलात मात्र एकदम अचूक 60 अंशांचं रोटेशन होतं, तिथे काहीच चूक नाही. म्हणजे सगळी चूक एकाच दिशेला साचत जाते. सहा वेळा लावल्यावर वस्तू मूळ जागी येते पण अक्षाच्या दिशेला 6 टक्क्यांनी लांब झालेली असते, हे डोळ्याला कदाचित दिसणारही नाही. 96 वेळा लावल्यावर (96 हा 6 चा पटीतला आकडा, म्हणजे परत मूळ जागी) त्या दिशेला ताण 2.6 पट झालेला असतो, आणि सुरुवातीला x आणि y अक्षावर असलेल्या ज्या दोन व्हेक्टरमध्ये 90 अंशांचा कोन होता त्यांच्यातला कोन आता सुमारे 49 अंश उरतो, आणि त्यांची लांबी 1 ऐवजी 1.7 झालेली असते. लोक म्हणतात "माझा कोन सांभाळणारा ट्रान्सफॉर्म कोन का सांभाळत नाही", तर त्याचं कारण तो ट्रान्सफॉर्म कधीच ऑर्थोगोनल नव्हता, सुरुवातीच्या 0.0067 पासूनच.

दोन दशांश स्थळं हे टोकाचं उदाहरण झालं. एरवी चूक फ्लोटिंग पॉइंटमधून येते. डबल प्रिसिजनमध्ये एका गुणाकारानंतर `err` साधारण `1e-16` च्या आसपास दिसला पाहिजे, सिंगलमध्ये `1e-7` च्या आसपास. एवढा असेल तर मॅट्रिक्स निरोगी समजा, आणि म्हणूनच `d == 1` अशी तुलना कधीच करू नका, चांगली मॅट्रिक्सही त्यात नापास होईल. पण हजारो, लाखो गुणाकार एकमेकांवर चढवत गेलात तर सिंगल प्रिसिजनमध्ये हे `1e-7` साचून दिसण्याइतकं होतं. त्यामुळे `err` एकदा नाही, अधूनमधून बघायचा. वाढत चाललाय का हे त्यातून कळतं.

इलाज. मॅट्रिक्स जवळपास ऑर्थोगोनल आहे पण सरकलीय, तर तिच्या सगळ्यात जवळची ऑर्थोगोनल मॅट्रिक्स एसव्हीडीने मिळते:

```python
U, S, Vt = np.linalg.svd(Q)
R = U @ Vt
```

`S` मध्ये ताण किती आहे ते असतं, ते आपण फेकून देतो आणि नुसतं फिरणं ठेवतो. आपल्या 0.67 वाल्या मॅट्रिक्सला हे लावलं तर `S` मध्ये 1.01, 1, 1 येतं आणि `R` म्हणून मूळची 2/3, −1/3 वाली मॅट्रिक्स जशीच्या तशी परत मिळते, फ्लोटिंगची किरकोळ चूक सोडली तर. हे मला फार आवडतं, की राउंडिंगने घालवलेली माहिती ऑर्थोगोनल असण्याच्या अटीमुळे परत मिळते. अर्थात दर वेळी एवढी तंतोतंत मिळेल असं नाही, इथे सगळी चूक निव्वळ ताणाच्या रूपात होती म्हणून मिळाली, चूक फिरण्याच्या कोनात गेली असती तर ती कुठलाही इलाज ओळखू शकला नसता.

बरेच जण इथे एसव्हीडी ऐवजी क्यूआर वापरतात कारण ते स्वस्त आहे, आणि मग नवीनच प्रॉब्लेम घेऊन येतात: सगळं एकदम 180 अंशात पलटलं. `np.linalg.qr` च्या `R` मध्ये कर्णावरच्या एंट्री पॉझिटिव्हच असतील अशी हमी नाही, आतमध्ये हाउसहोल्डर रिफ्लेक्शन वापरलेले असतात, त्यामुळे काही कॉलमची चिन्हं उलटी होऊन येतात. आपल्यासारख्या 3×3 मॅट्रिक्सला साधारणपणे दोन कॉलम उलटतात, त्यामुळे डिटरमिनंट +1 च राहतो आणि `err` पण शून्य, म्हणजे दोन्ही टेस्ट पास आणि तरी उत्तर चुकीचं. 2×2 ला तर साधारणपणे डिटरमिनंटच −1 होतो. क्यूआरच वापरायचं असेल तर एक ओळ वाढवा:

```python
Qn, T = np.linalg.qr(Q)
Qn = Qn * np.sign(np.diag(T))
```

आता दुसरं रूप, आरशाचं. `err` एकदम लहान, `1e-16`, पण `d` म्हणजे −1. इथे आधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा: सरकण्यामुळे +1 चा −1 कधीच होत नाही. डिटरमिनंट एंट्रींबरोबर अखंडपणे बदलतो, आणि +1 पासून −1 ला जायचं तर मधे शून्यातून जावं लागेल, म्हणजे वस्तू पूर्ण चपटी व्हावी लागेल. लहान लहान चुका साचून वस्तू हळूहळू ताणली जाईल, तिरपी होईल, पण आरशात जाणार नाही. त्यामुळे `d` −1 दिसला की राउंडिंगला दोष देऊ नका, कुठेतरी एका ठरावीक जागी चिन्ह किंवा क्रम बदललाय, ती जागा शोधा.

ती जागा बहुतेक वेळा अक्षांची अदलाबदल असते. एका सॉफ्टवेअरमध्ये y वर, दुसऱ्यात z वर, म्हणून कुणीतरी दोन कॉलम सरळ अदलून टाकतो. दोन कॉलम अदलले की डिटरमिनंटचं चिन्ह बदलतं, पण कॉलम लंबच राहतात, लांबी 1 च राहते. आपल्याच मॅट्रिक्सचे पहिले दोन कॉलम अदलून बघा: (3,0,0) आधी (2,2,−1) ला जात होता, आता (−1,2,2) ला जातो, लांबी दोन्हीकडे 3. (3,0,0) आणि (3,3,0) चा डॉट प्रॉडक्ट 9, अदलाबदलीच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे 9. म्हणजे लांबी आणि कोनाची कुठलीही टेस्ट लावा, आरसा सापडणारच नाही, कारण त्या सगळ्या टेस्ट शेवटी `QᵀQ = I` च तपासतात आणि ते दोघांनाही लागू आहे. म्हणूनच डिटरमिनंटचं चिन्ह लागतं, त्याचं खरं काम इथे आहे.

चिन्ह डोळ्याने बघायचं असेल तर क्रॉस प्रॉडक्ट वापरा. ऑर्थोगोनल मॅट्रिक्ससाठी `Qx × Qy = det(Q) · Q(x × y)`. x = (3,0,0), y = (0,3,0) घ्या, x × y = (0,0,9). मूळ मॅट्रिक्सने (0,0,9) जातो (6,−3,6) ला, आणि (2,2,−1) × (−1,2,2) केलं तरी (6,−3,6) च येतं, जुळलं. कॉलम अदललेल्या मॅट्रिक्सने `Q(x × y)` अजून (6,−3,6) च आहे, पण `Qx × Qy` आता (−6,3,−6). एकाच त्रिकोणाचा नॉर्मल दोन पद्धतीने काढला तर विरुद्ध दिशेला जातो. पृष्ठभाग आतून उजळलेला किंवा काळा दिसतो तो यामुळेच. अजून एक, 2×2 मध्ये `-I` म्हणजे 180 अंशांचं रोटेशन, डिटरमिनंट +1. 3×3 मध्ये `-I` चा डिटरमिनंट −1, ते रोटेशन नाहीच. कुणी "सगळ्याचं चिन्ह बदललं की नुसतं फिरतं" असं 2D वरून शिकून 3D मध्ये वापरतो आणि अडकतो.

इलाज इथे दोन वेगळे आहेत आणि ते मिसळू नका. अक्ष अदलल्यामुळे −1 आलं असेल तर मूळ ठिकाणी दुरुस्त करा, म्हणजे अदलाबदल केल्यावर त्यातल्या एका कॉलमचं चिन्हही बदला, मग ते 90 अंशांचं खरं रोटेशन होतं. आता कुठल्या कॉलमचं बदलायचं ते दोन्ही सॉफ्टवेअरचे अक्ष कागदावर काढूनच ठरवा, नाहीतर आरसा जातो पण वस्तू विरुद्ध दिशेला तोंड करून उभी राहते. कोडच्या शेवटी "डिटरमिनंट −1 असेल तर +1 करून टाक" असं लिहू नका, कारण अशा मॅट्रिक्समध्ये `S` च्या तिन्ही एंट्री 1 असतात, कुठली दिशा उलटवायची याला काही आधारच नसतो, एसव्हीडी जी देईल ती उलटेल आणि दर वेळी वेगळंच चुकीचं उत्तर मिळेल.

पण दोन पॉइंट सेट एकमेकांवर बसवायचे असतील, ज्याची पद्धत काब्श यांनी 1976 मध्ये मांडली, तिथे मात्र −1 दुरुस्त करणं हा रीतीचाच भाग आहे. पॉइंट्सचे सेंटर शून्यावर आणून `H = Aᵀ @ B` काढायचा (A आणि B मध्ये एक ओळ एक पॉइंट), आणि मग:

```python
U, S, Vt = np.linalg.svd(H)
s = np.sign(np.linalg.det(U @ Vt))
R = Vt.T @ np.diag([1, 1, s]) @ U.T
```

इथे नॉइज जास्त असेल किंवा सगळे पॉइंट जवळपास एकाच प्रतलात असतील तर आरशाचं उत्तर रोटेशनपेक्षा थोडं बरं बसू शकतं आणि नुसतं `Vt.T @ U.T` तेच देतं. `S` मोठ्याकडून लहानाकडे लावलेला असतो, म्हणून शेवटची दिशा उलटवली की नुकसान सगळ्यात कमी. सगळे पॉइंट तंतोतंत एका प्रतलात असतील तर शेवटचा `S` शून्य, दोन्ही उत्तरं सारखीच बसतात आणि उलटवण्याची किंमत काहीच नाही. पण `S` चे शेवटचे दोन्ही आकडे शून्याजवळ असतील तर पॉइंट्स एका रेषेत आहेत, तिथे त्या रेषेभोवती किती फिरवायचं हे डेटामधून ठरूच शकत नाही. `s` लावलात तरी ते रोटेशन मनमानीच असणार, त्यामुळे तिथे कोड न दुरुस्त करता रेषेबाहेरचा एखादा पॉइंट आणखी घ्या.